साखर कारखान्याचे पाळीपत्रक चोवीस तासांच्या वेळेत कसे लिहावे

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील अनेक साखर कारखान्यांत गाळप सुरू झाले की कामाच्या पाळ्या ४ ते १२, १२ ते ८ आणि ८ ते ४ अशा लागतात. पहिली पाळी पहाटे चारला बसते हे जुन्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते, त्यामुळे त्याला या आकड्यांत काही संदिग्ध वाटत नाही. नव्याने रुजू झालेल्या हंगामी कामगाराला मात्र ‘४ ते १२’ म्हणजे दुपारी चार ते मध्यरात्र, ‘१२ ते ८’ म्हणजे मध्यरात्र ते सकाळ आणि ‘८ ते ४’ म्हणजे सरळ दिवसपाळी असेही वाटू शकते. तिन्ही ओळी दोन्ही अर्थांनी वाचता येतात आणि दोन्ही अर्थांनी बरोबर आठच तास भरतात, म्हणून चुकीचा अर्थ घेणाऱ्याच्या मनात शंकाही येत नाही. सुरक्षा विभागात बारा तासांची ड्युटी असेल तर प्रकार आणखी कठीण होतो, कारण तिथे दिवसाची ड्युटीही ‘८ ते ८’ असते आणि रात्रीचीही ‘८ ते ८’ असते.

टाइम ऑफिसात ज्यांच्याकडे यंदा प्रथमच पाळीपत्रक करण्याचे काम आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी स्वतः हे काम करत आलो आहे आणि उदाहरण म्हणून वजनकाट्याचेच पाळीपत्रक घेतले आहे. काट्यावर एका वेळी एकच क्लार्क असतो. तो आला नाही तर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर जाते आणि घोटाळा पाच मिनिटांत सगळ्यांना दिसतो. मिल हाऊस किंवा बॉयलिंग हाऊसचे पत्रक मोठे असते, पण लिहिण्याची रीत तीच राहते.

## १. आधी काय जवळ घ्यावे

गेटवर लावलेली कामाच्या तासांची सूचना, म्हणजे पाळ्या सुरू व बंद होण्याच्या मंजूर वेळा असलेला कागद, सर्वप्रथम घ्यावा. पाळीपत्रकातील वेळ आणि या सूचनेतील वेळ तंतोतंत जुळली पाहिजे. सूचनेवर ‘सकाळी, दुपारी, रात्री’ असे शब्द असतील तर त्यांवरूनच चोवीस तासांचे आकडे काढावेत, तोंडी सांगण्यावरून काढू नयेत. त्याखेरीज पुढील गोष्टी लागतील:

- विभागातील कामगारांची टोकन क्रमांकासह यादी आणि त्यांतील रिलिव्हर कोण याची नोंद
- साप्ताहिक सुट्ट्यांचा ठरलेला तक्ता
- मागील आठवड्याचे पाळीपत्रक, कारण नव्या आठवड्याची पहिली ओळ जुन्या आठवड्याच्या शेवटच्या रात्रपाळीला लागून येते
- वार आणि तारीख दोन्ही ठळक दिसतील असे भिंतीवरचे कॅलेंडर
- एक्सेल किंवा गूगल शीट असलेला संगणक

शेवटचा संगणक नसला तरी चालते. हाताने आखलेल्या पत्रकालाही पुढचे सगळे नियम लागू होतात, फक्त वजाबाकी स्वतः करावी लागते.

## २. वेळ लिहिण्याचा एकच साचा ठरवावा

वेळ नेहमी चार आकड्यांत आणि मध्ये विसर्गचिन्हासारखे दोन टिंब देऊन लिहावी: ०४:००, १२:००, २०:००. सुरुवातीचे शून्य गाळू नये. ‘४:००’ असे लिहिलेले दिसले की वाचणारा लगेच जुन्या सवयीवर जातो आणि ही दुपारची चार असेल का, असा विचार करू लागतो. ‘०४:००’ मधले शून्यच त्याला सांगते की हे चोवीस तासांचे घड्याळ आहे. त्याचप्रमाणे पाळी सुरू होण्याची वेळ आणि संपण्याची वेळ दोन स्वतंत्र रकान्यांत लिहावी. केवळ ‘२०:०० पासून’ असे लिहून सोडू नये, कारण ओव्हरटाइम आणि विश्रांती या दोन्हींचा हिशेब संपण्याच्या वेळेपासून सुरू होतो.

सरकारी पत्रांत आणि लग्नपत्रिकांत आपण ‘१०.३० वा.’ असे एक टिंब देऊन लिहितो. कागदावर त्याने काही बिघडत नाही, पण संगणकात बिघडते. एक्सेलच्या रकान्यात `20.30` असे भरले तर संगणक त्याला वेळ न समजता वीस पूर्णांक तीन दशांश दिवस समजतो, आणि त्या रकान्याला वेळेचा साचा दिलेला असेल तर पडद्यावर `07:12` असे दिसते, कारण दिवसाचे तीन दशांश म्हणजे सात तास बारा मिनिटे. नुसते `20` भरले तर `00:00` दिसते. पत्रकात कुठे विनाकारण ००:०० किंवा चमत्कारिक मिनिटे दिसली तर आधी हेच तपासावे.

आकड्यांच्या लिपीबद्दल मी थोडा हट्टी आहे. हाताने लिहिलेला देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 हे घाईत ओळखू येत नाहीत, आणि बारा सोडले तर आपल्या पाळ्या नेमक्या चार आणि आठ या दोन वेळांनाच बदलतात. एका क्लार्कने ‘४’ लिहायचे आणि दुसऱ्याने त्याची नक्कल करताना ‘8’ उतरवायचे, हे सहज घडते. चोवीस तासांच्या पद्धतीत रात्रीचे आठ हे २०:०० होत असल्यामुळे हा धोका बराचसा आपोआप टळतो, तरीही एका पत्रकात एकच लिपी ठेवावी. या लेखात छापील मराठीच्या रीतीने देवनागरी आकडे आहेत. संगणकात भरताना मात्र इंग्रजी आकडेच भरावेत, म्हणजे रकान्यातील वेळांची वजाबाकी नीट होते.

## ३. रात्रपाळी कोणत्या तारखेची, हे लिहून ठेवावे

चोवीस तासांची वेळ लिहिली की सकाळ-संध्याकाळचा प्रश्न सुटतो. तारखेचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, आणि नवखे लोक खरे अडकतात ते इथे. आपली तिसरी पाळी २०:०० ला सुरू होऊन ०४:०० ला संपते, म्हणजे तिचे चार तास एका तारखेत आणि चार तास दुसऱ्या तारखेत पडतात. बरोबर निम्मे-निम्मे असल्यामुळे ‘जास्त तास ज्या तारखेत, ती तारीख’ असाही निवाडा करता येत नाही. शिवाय बोलताना आपण उजाडेपर्यंत आदलाच दिवस मानतो. ‘सोमवारी रात्री दोन वाजता’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा सोमवार उलटून गेल्यानंतरचे दोन असतात, तर कॅलेंडर आणि पंचिंग मशीन त्याला मंगळवार म्हणतात.

नियम असा ठेवावा की पाळी ज्या तारखेला सुरू होते तीच तिची तारीख. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ मध्येही रात्रपाळीबद्दल हीच दिशा होती: पाळी मध्यरात्रीपलीकडे जात असेल तर मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात धरायचे, आणि साप्ताहिक सुट्टी म्हणजे ती पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास. हा नियम पत्रकाच्या डोक्यावर एका वाक्यात छापावा, उदाहरणार्थ: ‘रात्रपाळीची तारीख पाळी सुरू होण्याची आहे, पाळी दुसऱ्या दिवशी ०४:०० वाजता संपते.’ त्याशिवाय संपण्याच्या रकान्यात वेळेपुढे दुसरा वारही लिहावा. केवळ ‘०४:००’ पेक्षा ‘०४:०० (शनि)’ हे वाचायला किंचित लांब आहे, पण रजेचा अर्ज आणि अदलाबदलीचा अर्ज याच रकान्याकडे पाहून लिहिले जातात.

जवळपासच्या एमआयडीसीत काम करून आलेल्या माणसाला हा नियम मुद्दाम समजावून सांगावा. तिथे कुठे कुठे रात्रपाळी २३:०० ते ०७:०० अशी असते, तिचा मोठा भाग पुढच्या तारखेत पडतो, आणि काही ठिकाणी ती पुढच्याच तारखेने ओळखली जाते. तो माणूस स्वतःच्या हिशेबाने बरोबरच असतो, फक्त आपल्या पत्रकाशी त्याचा हिशेब जुळत नाही.

## ४. शीटमध्ये पडताळणीचे रकाने घालावेत

एका माणसासाठी एक शीट किंवा एकाखाली एक ओळी असा साधा आराखडा पुरतो. `A` मध्ये तारीख, `B` मध्ये सुरू होण्याची वेळ, `C` मध्ये संपण्याची वेळ भरावी. त्यानंतरचे चार रकाने संगणकाने भरायचे आहेत. `D` मध्ये तारखेसह सुरुवात, `E` मध्ये तारखेसह शेवट, `F` मध्ये पाळीची लांबी आणि `G` मध्ये पुढच्या पाळीपर्यंतची विश्रांती येते. साप्ताहिक सुट्टीची ओळ या हिशेबाच्या शीटमध्ये घालू नये, म्हणजे विश्रांतीची वजाबाकी तुटत नाही.

```
D2:  =A2+B2
E2:  =A2+C2+IF(C2<=B2,1,0)
F2:  =E2-D2
G2:  =D3-E2
```

दुसऱ्या सूत्राचा अर्थ असा की संपण्याची वेळ सुरुवातीच्या वेळेपेक्षा लहान किंवा तिच्याइतकीच असेल तर पाळी दुसऱ्या दिवसात गेली असे समजून एक दिवस मिळवायचा. `B` आणि `C` या रकान्यांना `hh:mm` हा साचा द्यावा, तर `F` आणि `G` यांना `[h]:mm` हा चौकटी कंसातला साचा द्यावा. हा फरक किरकोळ वाटतो, पण सहा पाळ्यांचे अठ्ठेचाळीस तास `hh:mm` मध्ये `00:00` असे दिसतात, कारण तो साचा पूर्ण दिवस गाळून उरलेले तासच दाखवतो. आठवडाभर राबलेल्या माणसापुढे शून्य तास छापून आले तर त्याला आपण काय सांगणार?

आता `F` रकान्याचा उपयोग पाहा. कोणी जुन्या सवयीने रात्रपाळी `8:00` ते `4:00` अशी भरली तर लांबी `20:00` येईल. दुसरी पाळी `12:00` ते `8:00` अशी भरली तरी `20:00` च येईल. सुरक्षारक्षकाची रात्रीची ड्युटी `8:00` ते `8:00` भरली तर `24:00` येईल. म्हणजे आठ किंवा बारा सोडून दुसरा कोणताही आकडा `F` मध्ये दिसला की त्या ओळीत बारा तासांचे घड्याळ शिरले आहे असे समजावे. या चाळणीतून दोन चुका मात्र सुटतात. बदली कामगाराला संध्याकाळी चारला बोलवायचे असताना `4:00` ते `12:00` असे भरले तर लांबी आठच येते, आणि सुरक्षारक्षकाच्या ओळीत दिवस आणि रात्र उलटसुलट झाली तरी लांबी बाराच राहते. त्या डोळ्यांनीच पकडाव्या लागतात.

## ५. रिलिव्हरची ओळ सर्वांत आधी लिहावी

एका जागेवर आठवड्यात एकवीस पाळ्या असतात. तीन क्लार्क प्रत्येकी सहा पाळ्या करून अठरा भरतात आणि तीन उरतात. दोन काटे असतील तर अशा सहा पाळ्या उरतात व एका रिलिव्हरचा आठवडा बरोबर भरतो. बाकीचे क्लार्क आठवडाभर एकाच पाळीत असतात, त्यामुळे त्यांना वेळ पाठ होते. रिलिव्हर मात्र तिन्ही पाळ्यांतून फिरतो आणि त्याच्यासाठी पत्रक हाच एक आधार असतो. म्हणून त्याची ओळ आधी पक्की करून मग इतरांच्या सुट्ट्या तिच्याभोवती बसवाव्यात, असे माझे मत आहे.

१२ ते १८ जानेवारी २०२६ या आठवड्यासाठी ती ओळ अशी लिहिता येईल:

| वार व तारीख | काटा | सुरू | संपते |
|---|---|---|---|
| सोम १२ | १ | ०४:०० | १२:०० (सोम) |
| मंगळ १३ | २ | ०४:०० | १२:०० (मंगळ) |
| बुध १४ | १ | १२:०० | २०:०० (बुध) |
| गुरु १५ | २ | १२:०० | २०:०० (गुरु) |
| शुक्र १६ | १ | २०:०० | ०४:०० (शनि) |
| शनि १७ | २ | २०:०० | ०४:०० (रवि) |
| रवि १८ | साप्ताहिक सुट्टी | | |
| सोम १९ | १ | ०४:०० | १२:०० (सोम) |

जुन्या पद्धतीने हेच ‘शनि ८ ते ४, रवि सुट्टी, सोम ४ ते १२’ असे लिहिले असते आणि पाहणाऱ्याला वाटले असते की या माणसाला अख्खा रविवार मिळाला. चोवीस तासांत लिहिल्यावर खरे चित्र दिसते: तो रविवारी पहाटे ०४:०० ला सुटतो आणि सोमवारी पहाटे ०४:०० ला पुन्हा काट्यावर बसतो. त्याची सुट्टी नेमकी चोवीस तासांची आहे, एक मिनिटही जास्त नाही, आणि त्यातला निम्मा वेळ झोप भरून काढण्यात जाणार आहे. याच आठवड्यात पहिल्या पाळीच्या क्लार्कला सुट्टीसह सलग चाळीस तास मिळतात. रिलिव्हर कुरकुरत असेल तर तो उगीच कुरकुरत नाही, हे `G` रकाना सांगतो.

यावर काही जण क्रम उलटा करतात, म्हणजे सोम-मंगळ रात्रपाळी, बुध-गुरु दुसरी पाळी आणि शुक्र-शनि पहिली पाळी. त्यात शनिवारी १२:०० ला सुटलेला माणूस सोमवारी २०:०० ला येतो आणि त्याला छप्पन्न तासांची ऐसपैस सुट्टी मिळते. पण मंगळवारची रात्रपाळी बुधवारी ०४:०० ला संपून त्याच दिवशी १२:०० ला दुसरी पाळी लागते, आणि गुरुवारी २०:०० ला सुटून शुक्रवारी ०४:०० ला पहिली. दोन्ही ठिकाणी मध्ये फक्त आठ तास उरतात. वाळवा किंवा पलूस भागातल्या एखाद्या आतल्या गावाहून मोटारसायकलवर येणाऱ्याचे जाणे-येणे, अंघोळ आणि जेवण त्यातून वजा केले तर झोपेला चार-पाच तासच राहतात, आणि अशा माणसाच्या हाती उसाचे वजन असते. मी सरळ क्रमच ठेवतो. रिलिव्हरने स्वतः उलटा क्रम मागितला तर त्याच्याकडून तसे लेखी घेऊन विभागप्रमुखांची सही घ्यावी.

## ६. मध्यरात्रीचे बोलावणे कसे लिहावे

आपल्या तिन्ही पाळ्यांपैकी एकही मध्यरात्री सुरू होत नाही, त्यामुळे ००:०० आणि २४:०० यांचा प्रश्न आपल्याला पडणार नाही असे वाटते. प्रत्यक्षात तो पडतो, कारण कोणी गैरहजर राहिला की त्याची आठ तासांची पाळी आधीच्या आणि नंतरच्या माणसांत चार-चार तास वाटून देण्याची रीत आहे.

समजा, मंगळवार १३ जानेवारीला भोगी आहे आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत. काटा क्रमांक १ चा रात्रपाळीचा क्लार्क २०:०० ला आलाच नाही. दुसऱ्या पाळीचा क्लार्क चार तास थांबतो आणि पहिल्या पाळीचा क्लार्क, ज्याला बुधवारी ०४:०० ला यायचे होते, तो चार तास आधी येतो. म्हणजे पहिल्याची ड्युटी मंगळ १३ रोजी १२:०० ते २४:०० आणि दुसऱ्याची बुध १४ रोजी ००:०० ते १२:०० अशी झाली. इथे नियम सोपा आहे: मध्यरात्री काही संपत असेल तर २४:०० लिहावे व संपणाऱ्या दिवसाची तारीख द्यावी, आणि मध्यरात्री काही सुरू होत असेल तर ००:०० लिहावे व सुरू होणाऱ्या दिवसाची तारीख द्यावी. शीटमध्ये `24:00` भरल्यावर `hh:mm` साच्यामुळे ते `00:00` दिसेल, पण वर दिलेल्या सूत्रांनी लांबी बरोबर बारा तासच येते. छापील प्रतीवर मात्र तिथे हाताने २४:०० करून घ्यावे.

नोंदवहीत हे एवढ्याने भागते. माणसाला निरोप देताना भागत नाही. ‘अण्णा, बुधवारी रात्री बाराला या’ असा निरोप गेला तर अण्णा बुधवारी संक्रांतीचे तिळगूळ वाटून, रात्री जेवून निघतील आणि पूर्ण एक दिवस उशिरा पोहोचतील; ‘बुधवारी ००:०० ला या’ असे कळवले तरी यात फारसा फरक पडणार नाही. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या रेल्वेचे तिकीट काढून मिरज जंक्शनवर एक रात्र उशिरा जाणारे प्रवासी याच फासात सापडतात. म्हणून निरोपात दोन्ही वार लिहावेत आणि घरून निघण्याचा दिवसही सांगावा:

‘अण्णा, मंगळ १३ संपून बुध १४ सुरू होताना, ००:०० वाजता काटा १ वर यायचे आहे. म्हणजे आज मंगळवारीच रात्री जेवून निघा. सुटी बुधवारी १२:०० ला.’

यानंतरची अडचण पंचिंग मशीनची. अण्णा शिस्तीचे असले तर बारा वाजायला आठ मिनिटे असताना गेटवर हजर होतील आणि अंगठा लावतील. मशीन ती नोंद १३ तारखेला २३:५२ अशी घेईल आणि सुटतानाची नोंद १४ तारखेला १२:०५ अशी घेईल. अण्णांनी १३ तारखेला सकाळी आपली नेहमीची पहिली पाळीही केलेली असल्यामुळे त्या तारखेला तीन पंच दिसतील आणि १४ तारखेला एकच. सॉफ्टवेअर अशा दिवसावर अपुऱ्या पंचाचा शेरा मारते किंवा गैरहजेरी लावते, आणि ते कळते पगाराच्या वेळी. त्यामुळे बोलावणे गेले त्याच रात्री टाइम ऑफिसच्या दुरुस्ती नोंदीत ‘१३ ता. २३:५२ चा पंच हा १४ ता. ००:०० च्या ड्युटीचा’ असे लिहून पाळीप्रमुखांची सही घेऊन ठेवावी. महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

## ७. लावण्यापूर्वी दुसऱ्याकडून वाचून घ्यावे

पत्रक तयार झाले की ते जुन्या मुकादमाला दाखवून उपयोग नाही. त्याला वेळा माहीतच असतात, म्हणून तो काय लिहिले आहे ते वाचत नाही. एखाद्या नव्या माणसाच्या हाती द्यावे आणि विचारावे: ‘तुम्ही शुक्रवारी घरून केव्हा निघणार?’ वेळ विचारू नये, निघण्याचा प्रसंग विचारावा. ‘संध्याकाळी, चहा घेऊन’ असे उत्तर आले तर त्याने २०:०० बरोबर वाचले आहे.

सुरुवातीला एक चूक ठरावीकच आढळेल. २०:०० वाचताना लोक बारा वजा करण्याऐवजी दहा वजा करतात आणि रात्रीचे दहा समजतात. तसेच १८:०० चे आठ आणि १६:०० चे सहा होतात. यावर वजाबाकी शिकवत बसण्याची गरज नाही. आपल्या पत्रकात ०४, १२ आणि २० हे तीनच आकडे आहेत, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीच्या पत्रकांत वेळेच्या शेजारी पाळीचे नाव लिहावे: ‘०४:०० पहिली’, ‘१२:०० दुसरी’, ‘२०:०० रात्रपाळी’. लोक बोलताना ‘वीस वाजता’ असे कधीच म्हणणार नाहीत आणि म्हणावे अशी अपेक्षाही नको. बोलण्यात पाळीचे नाव आणि कागदावर आकडा, अशी वाटणी सगळ्यांना पटते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना तारीख-वेळेच्या सेटिंगमधील `Use 24-hour format` हा पर्याय सुरू करून द्यावा. खिशातल्या घड्याळात २०:०० रोज दिसू लागले की पत्रक वाचायला वेगळे शिकावे लागत नाही. गजर लावतानाही मग सकाळ-संध्याकाळची निवड चुकत नाही, आणि पहाटे चारच्या पाळीसाठी अडीचचा गजर लावणाऱ्याला त्याचा फायदा अधिक आहे.

पत्रकाच्या कोपऱ्यात आठवड्याची पहिली व शेवटची तारीख आणि दुरुस्ती झाली असल्यास तिचा क्रमांक मोठ्या अक्षरांत घालावा. नवे पत्रक लावताना जुने फळ्यावरून उतरवावे. त्याच्यावरच नवे टाचू नये, कारण वाऱ्याने वरचा कागद उलटला की खालचा वाचला जातो. खरी अडचण फळ्यापेक्षा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंची असते. दुरुस्त पत्रक टाकताना आधीचा फोटो ग्रुपमधून काढून टाकावा आणि सोबत फक्त बदललेली ओळ मजकुरात लिहावी: ‘गुरु १५, काटा २, १२:०० ते २०:००, रिलिव्हरऐवजी टोकन अमुक.’ संपूर्ण पत्रक पुन्हा पाठवले तर कोणती ओळ बदलली हे कोणी शोधत बसत नाही, आणि ज्याची पाळी बदलली आहे तोच बहुधा त्या वेळी झोपलेला असतो. त्याला फोन करावा, आणि तोही तो उठण्याच्या वेळेनंतर.